पिन टाकला की पैसे जातातच

समजा, नाशिकमधल्या एका निवृत्त शिक्षिकेने घरातले जुने सागवानी कपाट विकायला काढले. वापरलेल्या वस्तूंच्या साइटवर फोटो टाकला, किंमत लिहिली आठ हजार रुपये. थोड्याच वेळात फोन येतो. बोलणारा हिंदीत, अतिशय अदबीने बोलतो. तो लष्करात आहे, बदली देवळालीला झाली आहे, घर लावायचे आहे. कपाट न बघताच घ्यायची तयारी आहे आणि घासाघीस तर अजिबात नाही. गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र व्हॉट्सॲपवर येते. "मॅडम, पेमेंट आत्ताच करतो, टेम्पो संध्याकाळी येईल."

आधी एक रुपया येतो. तो खरोखर खात्यात जमा होतो, बँकेचा मेसेजही येतो. मग दोन हजारांची सूचना येते. तिच्याखाली शेरा असतो : "कपाटाचे पैसे, स्वीकारा". फोनवरचा माणूस सांगतो, "आता फक्त पिन टाका, पैसे जमा होतील." बाई पिन टाकतात आणि खात्यातून दोन हजार रुपये वजा होतात.

हे नाव-गाव कल्पित आहे, पण घटनाक्रम नाही. सायबर पोलिसांकडे येणाऱ्या तक्रारींत वर्षानुवर्षे हीच गोष्ट थोड्याफार फरकाने वाचायला मिळते. रिझर्व्ह बँकेने 2022 साली सामान्य ग्राहकांसाठी फसवणुकीच्या प्रकारांची पुस्तिका काढली. तिच्यातही लष्करी जवान असल्याचे सांगणारा हा खरेदीदार आहे. 'रिक्वेस्ट मनी'ची सोय वापरून तो विकणाऱ्याच्याच हातून पैसे काढून घेतो, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे.

युपीआयमधून पैसे दोन तऱ्हांनी हलतात. एकात देणारा स्वतःहून पाठवतो. दुसऱ्यात घेणारा मागणी करतो आणि देणारा ती मंजूर करतो. या दुसऱ्या प्रकाराला 'कलेक्ट रिक्वेस्ट' म्हणतात. मूळ हेतू सरळ होता. मित्राकडून जेवणाचा वाटा मागायचा, भाडेकरूकडून भाडे मागायचे, किंवा ऑनलाइन दुकानाने बिलाची रक्कम मागायची. मागणाऱ्याने समोरच्याचा युपीआय आयडी, रक्कम आणि एक छोटा शेरा भरायचा, इतकेच काम. ज्याच्याकडे मागणी जाते, त्याची आधी परवानगी घ्यावी लागत नसे. जाहिरातीत मोबाइल नंबर दिलेला असला, तर त्यावरून आयडी शोधणेही अवघड नव्हते.

भामट्याचे सगळे भांडवल आहे तो शेरा. रक्कम आणि पैसे घेणाऱ्याचे नाव यंत्रणा दाखवते, पण शेऱ्यात काय लिहायचे ते मागणी पाठवणारा ठरवतो. 'रिफंड', 'बक्षीस', 'पैसे मिळवण्यासाठी पिन टाका', काहीही. ते वाक्य बँकेच्या ॲपमध्ये, बँकेच्या रंगात, रकमेच्या शेजारीच दिसते, त्यामुळे बँकच तसे सांगते आहे असे वाटते. शिवाय कानाला फोन असतो. पलीकडचा माणूस थांबू देत नाही, वाचू देत नाही. फसलेल्या माणसाला नंतर घरचेच विचारतात, "स्क्रीनवर 'पे' लिहिलेले दिसले नाही का?" ते लिहिलेले असतेच. पण त्या क्षणी डोळे स्क्रीनवर आणि लक्ष आवाजाकडे असते, म्हणून या प्रश्नाने फसलेल्या माणसाला छळणे योग्य नाही.

खरे नुकसान होते ते पहिली रक्कम गेल्यानंतर. दोन व्यक्तींमधल्या अशा मागणीवर दोन हजार रुपयांची मर्यादा घातली गेली होती. भामट्यांनी त्यावर उपाय काढला, एकामागून एक मागण्या पाठवायच्या. आपल्या शिक्षिकाबाई घाबरून म्हणतात, "अहो, माझेच पैसे गेले!" तो लगेच माफी मागतो. सिस्टिममध्ये उलटे झाले, आता दोन हजार परत पाठवतो, असे म्हणतो. नवी सूचना येते, शेरा असतो 'रिफंड'. पुन्हा पिन, पुन्हा दोन हजार वजा. गेलेले पैसे परत मिळवायच्या धडपडीत चार वेळा पिन टाकला, तर आठ हजार जातात, म्हणजे कपाटाची पूर्ण किंमत.

अशी फसवणूक शिकलेल्या, शहरात राहणाऱ्या माणसांचीही होते. फेब्रुवारी 2021 मध्ये दिल्लीचे तेव्हाचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांच्या मुलीने जुना सोफा ऑनलाइन विकायला काढला होता. खरेदीदाराने आधी किरकोळ रक्कम पाठवून विश्वास मिळवला, मग क्यूआर कोड पाठवला. तो स्कॅन केल्यावर 20,000 रुपये गेले. चुकून दुसरा कोड गेला, असे सांगून त्याने आणखी एक पाठवला आणि 14,000 गेले. इथे कलेक्ट रिक्वेस्टच्या जागी क्यूआर कोड आला, एवढाच फरक. अशा कोडच्या ठिपक्यांत साधारण असा मजकूर असतो :

```
upi://pay?pa=abc@bank&pn=Refund&am=20000
```

`pa` म्हणजे पैसे ज्याला जाणार त्याचा आयडी, `am` म्हणजे रक्कम. `pn` हे नाव कोड बनवणारा हवे ते लिहू शकतो. आणि सुरुवातीलाच `pay` आहे. हा कोड स्कॅन करणारा पैसे देत असतो.

युपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने अखेर दुखऱ्या जागेवरच बोट ठेवले. जून 2025 अखेरपर्यंत सगळ्या ॲपनी पैसे जाण्याआधी घेणाऱ्याचे बँकेत नोंदलेले नाव दाखवावे, असा आदेश निघाला. त्यानंतर 1 ऑक्टोबर 2025 पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला कलेक्ट रिक्वेस्ट पाठवण्याची सोयच बंद करण्यात आली. निर्णय योग्य होता, पण उशिरा झाला. दुकानदार आणि ऑनलाइन विक्रेत्यांच्या मागण्यांना ही बंदी लागू नव्हती. त्यामुळे व्यापारी म्हणून नोंदलेल्या खात्यावरून आलेली मागणी, क्यूआर कोड आणि 'ऑटोपे'ची मंजुरी या वाटा उरल्या. ऑटोपे तर अधिक काळजीचा. त्याला एकदा पिन टाकून संमती दिली, की पुढचे 15,000 रुपयांपर्यंतचे हप्ते पुन्हा पिन न विचारता कापले जाऊ शकतात. 'कॅशबॅक' म्हणून आलेली सूचना म्हणूनच नीट वाचावी, आणि नको असलेला ऑटोपे ॲपमधल्या यादीत जाऊन रद्द करावा.

यातली एक गोष्ट मात्र भामट्याला बदलता येत नाही. खात्यात पैसे जमा व्हायला पिन लागत नाही. पिन लागतो पैसे पाठवायला किंवा शिल्लक बघायला. मागणी नुसती आली म्हणून काही कापले जात नाही, ॲप उघडले म्हणूनही नाही. ती नाकारली किंवा तशीच पडू दिली, तरी खाते सुरक्षित राहते.

पैसे गेलेच, तर पुढचे तास मोलाचे असतात, कारण रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात आणि तिथून एटीएममध्ये झपाट्याने जाते. बँकेकडूनही फार आशा नसते. पिन ग्राहकाने स्वतः टाकलेला असल्यामुळे बँक तो व्यवहार बहुधा अधिकृत धरते. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमांनुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाचे असते, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून कळवण्याची वेळ नोंदवून ठेवावी आणि तक्रार क्रमांक मागून घ्यावा.

त्याच वेळी 1930 वर फोन करावा. तिथे बँकेचे नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा 12 अंकी क्रमांक विचारतात. तो क्रमांक ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवले की दिसतो. माहिती पैसे गेलेल्या बँकेपर्यंत पोहोचते, आणि रक्कम अजून तिथे असेल तर ती रोखून धरली जाते. पुढे निघून गेली असेल, तर निरोप पुढच्या बँकेकडे जातो. नंतर cybercrime.gov.in वर सविस्तर तक्रार भरावी लागते. व्हॉट्सॲपवरचा संवाद, ओळखपत्राचा फोटो आणि ती सूचना यांचे स्क्रीनशॉट लाज वाटून पुसून टाकू नका. तपासाला तेच लागतात.