कुठल्या दिवसाचा डॉलर?

समजा, चाकणच्या एका कारखान्याने अमेरिकेतून यंत्रं आणली आणि १० लाख डॉलर द्यायचे राहिले. पैसे द्यायची तारीख जून २०११ मधली. तेव्हा डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता. माल सदोष होता असं कारखान्याचं म्हणणं. वाद सिंगापूरला लवादापुढे गेला आणि २०१४ साली निवाडा आला की कारखान्याने १० लाख डॉलर द्यावेत. डॉलर तोवर साठीला पोचला होता. विक्रेता तो निवाडा घेऊन अंमलबजावणीसाठी भारतातल्या उच्च न्यायालयात आला. कारखान्याने हरकती घेतल्या आणि त्या जुलै २०१८ मध्ये फेटाळल्या गेल्या. तेव्हा डॉलरचा भाव ६८ धरू. प्रत्यक्ष वसुली व्हायला २०२३ उजाडलं आणि भाव ८२ वर गेला.

कारखान्याने किती रुपये द्यायचे? २०११ चा भाव लावला तर साडेचार कोटी, २०१४ चा लावला तर सहा कोटी, २०१८ चा लावला तर ६ कोटी ८० लाख आणि २०२३ चा लावला तर ८ कोटी २० लाख. डॉलरचा आकडा एकाही पैशाने बदललेला नाही. बदलली ती फक्त तारीख. पहिल्या आणि शेवटच्या तारखेत ३ कोटी ७० लाखांचं अंतर आहे, म्हणजे आणखी एखादं यंत्र त्यात आलं असतं.

हा प्रश्न आपल्याकडे नीट सोडवला गेला तो १९८३ साली, एका तेलाच्या खटल्यात. फोरासोल नावाच्या फ्रेंच कंपनीने १९६४ मध्ये ओएनजीसीशी करार केला होता. राजस्थानात जैसलमेरच्या भागात तेलाच्या शोधासाठी वेध घेण्याचं काम होतं. मोबदल्याचा मोठा भाग फ्रेंच फ्रँकमध्ये आणि उरलेला रुपयांत द्यायचा होता. त्या रुपयांच्या भागासाठी करारातच एका रुपयाला १.०३३ फ्रँक असा दर ठरवून टाकला होता. मग जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि ४.७६ रुपयांचा डॉलर एका रात्रीत साडेसात रुपयांचा झाला. पुढे देण्याघेण्यावरून वाद झाला, लवाद बसला, १९७४ मध्ये निवाडा आला आणि दिल्ली उच्च न्यायालयातून तो सर्वोच्च न्यायालयात पोचला. फ्रँकचे रुपये कुठल्या दराने करायचे, हा तिथला मुद्दा होता.

न्यायमूर्ती दि. पि. मादन यांनी लिहिलेला तो निकाल आजही वाचावा असा आहे. मादन त्याआधी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. त्यांनी पाच तारखा समोर मांडल्या: रक्कम देय झाली तो दिवस, दावा दाखल झाला तो दिवस, हुकूमनामा झाला तो दिवस, त्याच्या अंमलबजावणीचा आदेश निघाला तो दिवस आणि पैसे खरोखर हातात पडले तो दिवस. करारातल्या ठरीव दराचा आधारही ओएनजीसीने घेऊन पाहिला. पण तो दर रुपयांत द्यायच्या हिश्श्यापुरता होता. फ्रँकमध्ये द्यायच्या रकमेला तो लागू होणार नाही, असं न्यायालयाने ठरवलं.

पहिली तारीख बहुतेकांना स्वाभाविक वाटते. देणं ज्या दिवशी झालं त्या दिवसाचा भाव लावावा, त्यात वावगं काय? वावगं हे की त्या दिवशी पैसे दिले गेलेच नाहीत. दिले असते तर विक्रेत्याच्या हातात डॉलर आले असते. रुपया नंतर घसरला तरी त्याचं काही बिघडलं नसतं. बारा वर्षांनी त्याला २०११ च्या भावाने साडेचार कोटी टेकवले तर त्यातून आज साडेपाच लाखसुद्धा डॉलर येणार नाहीत. ज्याने पैसे अडवले त्याला घसरणीचा लाभ आणि ज्याचे अडले त्याला तोटा, असा तो न्याय होईल. देणेकऱ्याने वेळेवर पैसे दिले असते तर धनको जिथे असता, तिथेच त्याला नेऊन बसवणारी तारीख निवडायची, ही मादन यांच्या निकालातली कसोटी होती. दावा दाखल झाल्याचा दिवसही याच कारणाने बाद होतो, कारण आपल्याकडे दावा लागणं आणि निकाल लागणं यांत भाव कुठल्या कुठे जातो.

ही कसोटी शेवटपर्यंत ताणली तर प्रत्यक्ष पैसे मिळाल्याचाच दिवस धरायला हवा. इंग्लंडने तेच केलं. तिथे शतकानुशतकं न्यायालयं फक्त पौंडात निकाल देत. १९७५ मध्ये मिलियांगोस खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने ती परंपरा मोडली. एका स्विस व्यापाऱ्याने इंग्रज गिऱ्हाईकाला सूत विकलं होतं, किंमत स्विस फ्रँकमध्ये ठरली होती आणि मधल्या काळात पौंड फ्रँकपुढे चांगलाच घसरला होता. न्यायालयाने निकाल स्विस फ्रँकमध्येच दिला आणि पौंडात रूपांतर करायचंच झालं, तर अंमलबजावणीला न्यायालयाची परवानगी मिळेल त्या वेळच्या दराने करावं, असं सांगितलं. देणं फिटण्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकं ते गेले.

मादन यांनी हा निकाल बारकाईने तपासला आणि तरीही तो इथे स्वीकारला नाही. त्यांची कारणं आपल्या कोर्टाच्या रोजच्या व्यवहारातली होती. दाव्याची किंमत रुपयांत ठरते, तिच्यावर कोर्ट फी भरावी लागते आणि दावा कुठल्या न्यायालयात चालायचा हेही तिच्यावरून ठरतं. दावा एका किमतीचा आणि वसुली भलत्याच, दररोज बदलणाऱ्या रकमेची झाली तर हे सगळं निसटतं. परकीय चलन बाहेर पाठवायचे नियम होतेच. म्हणून न्यायालयाने मधली वाट धरली. हुकूमनामा असा लिहावा, की प्रतिवादीने इतके फ्रँक द्यावेत, किंवा हुकूमनाम्याच्या तारखेच्या दराने होणारे तितके रुपये. त्या दिवशीचा दर मिळाला नाही, तर त्याच्या लगेच आधीच्या दिवसाचा घ्यावा. लवादाच्या बाबतीत निवाड्याचा दिवस धरायचा नाही, तर न्यायालयाने निवाड्यावर हुकूमनामा दिला तो दिवस धरायचा.

तेव्हा १९४० चा लवाद कायदा होता. १९९६ च्या कायद्यात परदेशी निवाड्यावर वेगळा हुकूमनामा करून घ्यावा लागत नाही. हरकती फेटाळून न्यायालयाने निवाडा अंमलबजावणीयोग्य ठरवला, की तोच हुकूमनामा मानला जातो. साहजिकच जुन्या 'हुकूमनाम्याच्या तारखे'ची जागा आता कुणी घ्यायची, हा पेच राहिला. सर्वोच्च न्यायालयाने तो ऑगस्ट २०२४ मध्ये डीएलएफ आणि क्रोएशियाची कोंचार ही जनित्रं बनवणारी कंपनी यांच्या खटल्यात सोडवला. निवाडा २००४ चा होता आणि रक्कम युरोत होती. हरकती शेवटच्या फेटाळल्या गेल्या १ जुलै २०१४ रोजी. न्यायालयाने तीच तारीख धरली, कारण त्या दिवशी निवाडा अंमलात आणण्याजोगा झाला. चाकणच्या आपल्या उदाहरणात या नियमाने जुलै २०१८ चा ६८ रुपयांचा भाव लागेल. २०१४ चा नाही आणि २०२३ चाही नाही.

डीएलएफच्या खटल्यात आणखी एक गुंता होता, आणि माझ्या मते सामान्य व्यावसायिकाने समजून घ्यावं असं सगळ्यात जास्त तिथेच आहे. हरकती चालू असताना २०१० मध्येच कंपनीने न्यायालयाच्या आदेशावरून साडेसात कोटी रुपये भरले होते. कोंचारला बँक गॅरंटी देऊन ते काढून घ्यायची मुभाही होती. या साडेसात कोटींचे युरो २०१० च्या भावाने करायचे की २०१४ च्या? न्यायालयाने सांगितलं, २०१० च्या. पैसे धनकोला घेता येत होते, ते त्या दिवशी युरोत बदलून घेता येत होते, तेव्हा त्या रकमेपुरतं देणं त्या दिवशी फिटलं. भाव पुढे वरखाली झाल्याचा भार त्या हिश्श्यावर कुणावरही पडणार नाही. हे तत्त्व रेणुसागर आणि जनरल इलेक्ट्रिक यांच्या १९९३ च्या निकालात आधीच आलं होतं. तो खटला मुंबई उच्च न्यायालयातून वर गेला होता. अपील चालू असताना भरलेली रक्कम तिथेही भरल्या दिवसाच्या दराने डॉलरमध्ये मोजली गेली. १९९० च्या सुरुवातीला १७ रुपयांना मिळणारा डॉलर १९९३ मध्ये ३१ रुपयांच्या पुढे गेला होता. म्हणजे १९९० मध्ये भरलेल्या १ कोटी ७० लाखांनी १० लाख डॉलर फेडले जातात. तेच रुपये १९९३ च्या भावाने मोजले असते, तर निम्मंच देणं फिटलं असतं.

आता चाकणचा हिशेब पुन्हा मांडू. समजा, २०१५ मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून कारखान्याने ३ कोटी २० लाख रुपये भरले, विक्रेत्याला ते काढायची मुभा मिळाली आणि तेव्हा डॉलर ६४ रुपये होता. त्याचे झाले ५ लाख डॉलर. ते आधी १० लाखांतून वजा करायचे. उरलेल्या ५ लाख डॉलरना २०१८ चा ६८ चा भाव लावायचा, म्हणजे ३ कोटी ४० लाख. एकूण ६ कोटी ६० लाख झाले. अंमलबजावणीच्या दरखास्तीला जोडलेल्या हिशेबात नेमकी इथे चूक होते. सगळे १० लाख डॉलर २०१८ च्या भावाने रुपयांत करून, ६ कोटी ८० लाखांतून भरलेले ३ कोटी २० लाख सरळ वजा केले, तर बाकी ३ कोटी ६० लाख निघते. वीस लाखांचा फरक पडला, आणि तो कागदावर दिसतही नाही, कारण बेरीज वजाबाकी बरोबरच असते. समोरच्या पक्षाचा तक्ता हातात आला की प्रत्येक भरण्यासमोर परकीय चलनातला आकडा आणि त्या दिवसाचा दर वेगळा लिहिलाय का, एवढं आधी पाहावं. वरच्या आकडेमोडीत मी व्याज मुद्दाम सोडलं. प्रत्यक्षात निवाड्यातलं व्याजही डॉलरमध्येच चढत असतं आणि भरलेली रक्कम मुद्दल व व्याज या दोन्हींसमोर धरावी लागते.

व्याजाच्या दराचाही या तारखेशी संबंध आहे. रुपयाचा व्याजदर जास्त असतो, कारण त्यात रुपयाच्या घसरणीची भरपाई धरलेली असते. डॉलरची किंवा युरोची रक्कम नव्या भावाने मोजायची आणि शिवाय तिच्यावर रुपयासारखं चढं व्याजही लावायचं, म्हणजे एकाच घसरणीची भरपाई दोनदा होते. २०१८ मध्ये वेदांत आणि एका चिनी कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने युरोतल्या रकमेवरचं ९ टक्के व्याज कमी करून लायबॉर अधिक ३ टक्के केलं, ते याच विचाराने.

हा नियम नेहमी परदेशी धनकोच्या बाजूनेच पडतो असंही नाही. जुलै २०१४ मध्ये ८० रुपयांच्या पुढे असलेला युरो पुढच्या वसंतात सत्तरीपर्यंत खाली आला होता. अशा वेळी हरकती लांबल्या तर रुपयांतली रक्कम घटते आणि वाट पाहण्याचा तोटा धनकोला सोसावा लागतो.

एक बाजू अजून मोकळी आहे. डीएलएफचा निकाल परदेशी निवाड्याचा आहे. लवाद पुण्यात किंवा मुंबईत बसला आणि त्याने निवाडा डॉलरमध्ये दिला, तर तो देशी निवाडा ठरतो. २०१५ च्या दुरुस्तीनंतर त्याला आव्हान दिल्याने अंमलबजावणी आपोआप थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते. स्थगिती नसेल तर असा निवाडा आव्हान प्रलंबित असतानाच अंमलात आणता येतो. मग भावाची तारीख आव्हानाची मुदत संपल्याची धरायची की आव्हान फेटाळल्याची, यावर दोन्ही बाजूंना बोलायला जागा राहते. लवादापुढे मागणी लिहितानाच रूपांतराची तारीख आणि बँकेचा खरेदीचा की विक्रीचा दर, हे दोन्ही निवाड्यातच मागून घेतलं, तर हा वाद पुढे अंमलबजावणीच्या न्यायालयापर्यंत जात नाही.