ग्रुपवरची कामे, रॅकवरचा माल

किराणा दुकानात मालक सकाळी व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिवसभराची कामे टाकतो आणि रात्री गल्ला मोजताना त्यांतली किती झाली ते बघतो. मधल्या वेळेत ग्रुपवर 'हो काका', 'झालं काका' आणि बरेच अंगठे जमा होतात. त्या अंगठ्यांवरून निरोप पोचल्याचे कळते. काम पुरे झाले का, हे मात्र रॅक, गोडाऊन आणि बँकेचे खाते बघूनच ठरते.

निळ्या खुणांपासून सुरुवात करू. ग्रुपमधल्या निरोपाला निळ्या खुणा दिसतात त्या सगळ्या सदस्यांनी तो उघडल्यावरच. एखादा जण सुट्टीवर असून त्याने फोन बघितलेला नसेल, तर बाकीच्यांनी वाचूनही खुणा करड्याच राहतात. कोणी वाचले हे हवे असेल तर निरोपावर बोट दाबून धरायचे आणि त्याची माहिती उघडायची. तिथे नावे आणि वेळा दिसतात. एखाद्या मुलाने आपल्या फोनवरची वाचल्याची खूण बंद ठेवली असली तरी ग्रुपमध्ये ती दिसतेच. पण वाचले म्हणजे फक्त डोळ्याखालून गेले, एवढेच त्यातून सांगता येते.

काम तपासता येण्याजोगे व्हायचे असेल तर ते निरोपातच तसे लिहावे लागते. 'पोरांनो, आज रॅक लावून घ्या' या वाक्यात काम कोणाचे, कुठले रॅक, किती माल आणि कधीपर्यंत, यांतले काहीच नाही. तिघे ग्रुपवर असले की प्रत्येकाला वाटते, दुसरा करील. म्हणून एका निरोपात एकच काम आणि @ चिन्ह लावून एकाचेच नाव, ही शिस्त बरी. पाच कामे एकाच निरोपात कोंबली की खाली आलेला 'झालं' नेमका कुठल्या कामाला आहे ते ओळखता येत नाही. कामे वेगवेगळी टाकली तर मुलाला त्याच निरोपावर बोट सरकवून उत्तर देता येते आणि उत्तराच्या डोक्यावर मूळ काम दिसत राहते.

आकडा बदलला तर जुना निरोप दुरुस्त करण्यापेक्षा नवा टाकावा. पाठवलेला निरोप १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो, पण बदल केल्यावर फोन पुन्हा वाजत नाही. ज्याने आधी '१० पाकिटं' वाचून गोडाऊन गाठले, त्याला ती नंतर १२ झाल्याचा पत्ताही नसतो.

एक काम जवळून बघू. समजा, तालुक्याच्या गावातले दुकान आहे, कामावर तीन जण आहेत आणि सकाळी साडेआठला मालकाने लिहिले: 'संतोष, गव्हाचं पीठ ५ किलोची १२ पाकिटं गोडाऊनमधून आण. मधल्या रॅकवर लाव. रॅकवर जुनी ५ आहेत, ती पुढे ठेव. ११ पर्यंत.' पावणेअकराला संतोषने त्याच निरोपाखाली रॅकचा फोटो टाकला आणि लिहिले, 'झालं काका'. फोटोत रॅक काठोकाठ भरलेले आहे.

मालक दुपारी एकला रॅकपाशी जातो. जुनी ५ आणि नवी १२ मिळून १७ पाकिटे व्हायला हवीत. सकाळपासूनची बिले बघितली तर ३ विकली गेली आहेत, म्हणजे रॅकवर १४ हवीत. मोजली तर १४च भरतात. इथे बहुतेक जण थांबतात. पण पुढचे पाकीट हातात घेऊन छापलेली तारीख बघितली तर ती नव्या मालाची निघते. हात आत घालून मागचे पाकीट ओढले तर ते जुन्या मालाचे. नवी पाकिटे पुढे लागली, जुनी मागे दबली आणि सकाळी गिऱ्हाइकाने नेलेली तिन्ही नवीच होती. मोजणी चोख निघाली आणि मांडणी उलटी होती. फोटोत रॅकची फक्त पुढची रांग येत असल्याने त्यात हे कधीच दिसले नसते. पिठाची मुदत महिन्यांत मोजायची असते. मागे पडलेली पाकिटे प्रत्येक नव्या मालाबरोबर आणखी मागे सरकतात, आणि कधीतरी मुदत उलटलेले किंवा किडे पडलेले पाकीट गिऱ्हाइकाच्या घरात उघडले जाते.

याला आळस म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण खरे कारण कामाच्या घडणीत असते. १२ पाकिटे पुढे रचायला पाच मिनिटे लागतात. जुनी पुढे आणायची तर आधी रॅक रिकामे करावे लागते, आणि तेवढ्यात काउंटरवर दोन गिऱ्हाइके उभी असतात. म्हणून असे काम देताना पुरावाही वेगळा मागावा: भरलेल्या रॅकच्या फोटोऐवजी सगळ्यात पुढच्या पाकिटावरच्या तारखेचा फोटो. जुनी तारीख पुढे नसेल तर असा फोटो काढताच येत नाही. पूर्वी काढलेला फोटोही गॅलरीतून पाठवता येतो, हे मालकाने लक्षात ठेवावे. ग्रुपवर दिसते ती पाठवल्याची वेळ. काढल्याची वेळ दिसत नाही.

घरपोच मालाची तपासणी याहून सोपी आहे, कारण तिथे पैसे बोलतात. 'पोचवलं, ऑनलाइन पैसे दिले' या निरोपासोबत आलेला गिऱ्हाइकाच्या फोनवरचा स्क्रीनशॉट पुरावा धरू नये. व्यवहार अडकलेला असू शकतो, आणि चित्र जुनेही असू शकते. पैसे आले का ते दुकानाच्या स्वतःच्या खात्यात बघावे आणि बिल नंबरासमोर खूण करावी. रात्री ज्या बिलांसमोर ना रोकड, ना खात्यात जमा, ना उधारीच्या वहीत नोंद, ती बिले आपोआप उघडी पडतात.

सगळ्यात अवघड ठरते ते अर्धवट झालेले काम. टेम्पोतून १० बॉक्स यायचे होते, ९ आले, त्यातला एक फाटका निघाला आणि मुलाने मात्र 'माल उतरवला' एवढेच कळवले. टेम्पोवाला सही घेऊन निघून गेला की तो एक बॉक्स कोणाच्या माथी, यावर पुढे आठवडाभर फोनाफोनी चालते. इथे उत्तर आकड्यातच यायला हवे: '९ आले, १ नाही, १ फाटका, बिलावर लिहून सही केली.' असे उत्तर मिळणे मालकाच्या वागण्यावर अवलंबून असते. अर्धे काम कळवणाऱ्याला जो सगळ्यांदेखत ग्रुपवरच झापतो, त्याला पुढच्या वेळेपासून नुसते अंगठे मिळतात. चूक सांगायची ती काउंटरमागे, एकट्याला. ग्रुपवर फक्त दुरुस्तीचे काम टाकावे.

रोज सगळीच कामे तपासणे मालकाला झेपत नाही, आणि तशी गरजही नसते. पैशांची आणि नासणाऱ्या मालाची कामे रोज बघावीत. झाडलोट, पुड्या बांधणे, सुतळी-पिशव्या भरून ठेवणे यांतली एक-दोन, आधी न सांगता. लिहिण्या-वाचण्यात कच्च्या असलेल्या माणसाला बोललेला निरोप पाठवला तरी चालतो, पण त्यातला आकडा दुसऱ्या ओळीत लिहूनही टाकावा, कारण रात्री पडताळताना बोललेले निरोप एकेक करून ऐकत बसावे लागते. फोन बिघडला किंवा ग्रुपवर आपोआप पुसले जाणारे निरोप चालू असले, तर महिन्याभरापूर्वी काय ठरले होते ते सापडेलच असे नाही. त्यामुळे कमी आलेला माल, परत पाठवलेला माल आणि येणे राहिलेली रक्कम यांची नोंद त्याच रात्री दुकानाच्या वहीत उतरवून घेतात.