ब्रेक लागतो, पण सुटत नाही

पावसाळाभर पडवीत उभी असलेली मोटरसायकल दसऱ्याच्या पूजेसाठी बाहेर काढली आणि ती ढकलायला जड लागली. पाच-सहा किलोमीटर चालवून आल्यावर पुढच्या डिस्कवर पाणी शिंपडले, तर थेंब चर्र करून उडाले. असे झाले की समजावे, ब्रेक लागतोय पण पुरता सुटत नाही. किनारपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत ही तक्रार नेहमीची आहे. रत्नागिरीजवळच्या एका गावातली अशीच एक दहा वर्षांची, दीडशे सीसीची गाडी इथे उदाहरणासाठी घेतो. पुढे एकच डिस्क, आणि कॅलिपरमध्ये एकाच बाजूला दोन पिस्टन. मेकॅनिकने सांगितले होते की सील किट बदला आणि जमल्यास स्टीलच्या जाळीचा ब्रेडेड पाइपही घाला. यातले खरे गरजेचे काय, ते कॅलिपरचे काम समजल्याशिवाय ठरवता येत नाही.

लिव्हर दाबला की ब्रेक ऑइलच्या दाबाने पिस्टन पुढे सरकतो आणि पॅड डिस्कवर दाबतो. लिव्हर सोडल्यावर पिस्टनला मागे घ्यायला मात्र आत स्प्रिंग नसते. ते काम रबरी सील करते. कॅलिपरच्या आतल्या भिंतीत एक गोल खाच असते आणि तिच्यात चौकोनी छेदाची ही रबरी कडी बसलेली असते. पिस्टन पुढे जाताना तिची आतली कड त्याला घट्ट धरून थोडी वाकते. दाब गेला की रबर सरळ होते आणि पिस्टनला मिलिमीटरच्या एखाद-दुसऱ्या दशांशाइतके मागे ओढते. चाक मोकळे फिरायला एवढेच अंतर पुरते. पॅड झिजला की पिस्टन कडीतून थोडा पुढे घसरतो आणि नव्या जागेवरून तोच खेळ चालू राहतो. बाहेरच्या बाजूला दुसऱ्या खाचेत धूळ अडवणारे आणखी एक सील असते.

बिघाड होतो तो या खाचांमध्ये. बाहेरच्या सीलमागे ओलावा शिरला की अॅल्युमिनियमवर पांढरा, कडक क्षार साचतो. तो सीलला मागून ढकलतो, आणि सील पिस्टनला आवळते. अशा कॅलिपरमध्ये नुसते नवे सील घातले तर तेही तसेच आवळले जाते. म्हणूनच काही गाड्यांचा ब्रेक किट बदलूनही थोड्याच दिवसांत पुन्हा धरतो.

खोलण्याआधी दोष नक्की कुठे आहे ते पाहावे. चाक जमिनीपासून वर उचला, लिव्हर दाबून सोडा आणि चाक धरले असतानाच कॅलिपरवरचे ब्लीड निपल अर्धा फेरा सैल करा. निपलला आधीच पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीत ठेवा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले, तर दाब वाटेत अडकत होता. अशा वेळी जुन्या पाइपचे आतले अस्तर फुगलेले असते, नाहीतर मास्टर सिलिंडरचे परतीचे बारीक छिद्र बुजलेले असते. निपल उघडूनही चाक धरलेलेच राहिले, तर दोष कॅलिपरमध्ये. त्यातही पिस्टनच दोषी असतील असे नाही. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या सुकल्या तरी चाक असेच धरते. आमच्या उदाहरणातल्या गाडीचे चाक निपल उघडल्यावरही सुटले नाही, आणि पिना मात्र हाताने सहज सरकत होत्या. म्हणजे पिस्टनच.

पिस्टन बाहेर काढायला गाडीच्याच लिव्हरचा उपयोग करावा. पाइप जोडलेला ठेवून कॅलिपर डिस्कवरून उतरवा, पॅड काढा आणि लिव्हर हळूहळू दाबत राहा. टाकीतले ऑइल संपू देऊ नका. आधी मोकळा पिस्टन बाहेर येतो, अडकलेला जागचा हलत नाही. मोकळ्यासमोर लाकडाचा तुकडा दाबून धरला की सगळा दाब दुसऱ्यावर येतो. काही जण कॉम्प्रेसरची हवा वापरतात, पण तिने पिस्टन गोळीसारखा सुटतो आणि बोटे चिरडतात. लिव्हरचा दाब कॉम्प्रेसरपेक्षा कितीतरी जास्त असतो आणि तो हातात राहतो.

यापुढचे काम संथपणे करायचे. जुने सील लाकडी किंवा प्लास्टिकच्या टोकाने काढा; स्क्रूड्रायव्हरने खाचेची कड ओरखडली तर कॅलिपर वाया जातो. मग पितळी टोकाने खाचेतला क्षार खरवडा. कोपऱ्यात तो खडूसारखा चिकटलेला असतो. बोट फिरवल्यावर खाच सगळीकडून सारखी गुळगुळीत लागेपर्यंत थांबू नका. धुवायला ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. पेट्रोल, डिझेल किंवा साधे ग्रीस या रबराला लागले तर ते फुगते. पिस्टनवरचे नुसते डाग बारीक पॉलिश पेपरने जातात, पण सील जिथे घासते तिथे नखाला खड्डा लागला तर पिस्टन बदलायलाच हवा. नवे पॅड घातले की पिस्टन आत ढकलले जातात आणि बाहेर गंजलेला भाग नेमका सीलखाली येतो. पॅड बदलताना पिस्टन न पुसता मागे दाबणे हे ब्रेक धरण्याचे मोठे कारण मला वाटते.

नवे सील ताज्या ब्रेक ऑइलने किंवा रबरासाठीच्या लाल ग्रीसने ओले करून, पीळ न पडता खाचेत बसवा. पिस्टन दोन्ही अंगठ्यांनी सरळ आत गेला पाहिजे. जोर लावावा लागत असेल तर तो तिरका आहे किंवा खाचेत अजून काहीतरी उरले आहे. पुन्हा बाहेर काढा. पिनांना सिलिकॉन ग्रीस लावा आणि बॅन्जो बोल्टचे वॉशर नवेच घाला. मग टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचे, बहुधा डॉट ४, ऑइल सीलबंद डब्यातून भरा आणि हवा काढा. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असतो, पाणी मुरलेल्याचा १५५ पर्यंत उतरू शकतो. म्हणून उघडा पडलेला डबा पुढच्या वर्षासाठी जपून ठेवू नये. रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवा.

आता ब्रेडेड पाइप. त्याच्या आत टेफ्लॉनची नळी आणि वर स्टीलची जाळी असते. दाबाखाली तो रबरी पाइपपेक्षा कमी फुगतो, त्यामुळे लिव्हर कडक लागतो. ब्रेकची ताकद त्याने वाढत नाही. ती पिस्टन, पॅड, डिस्क आणि टायर यांवर ठरते. अडकलेला पिस्टन त्याने सुटत नाही, आणि लिव्हर मऊ लागत असेल तर आधी आतली हवा काढावी. बरेचदा तेवढ्यानेच भागते.

तरीही या गाडीला मी ब्रेडेड पाइपच घालायला सांगितला, कारण जुना पाइप कंपनीचाच, दहा वर्षांचा होता आणि वाकणीवर तडे दिसत होते. अनेक जपानी कंपन्यांच्या पुस्तिका ब्रेकचा पाइप दर चार वर्षांनी बदलायला सांगतात. बदलायचाच आहे, गाडीला एबीएस नाही आणि घाटात दोघे बसून नेहमी जाणे आहे, तेव्हा ब्रेडेडचा जास्तीचा खर्च पटतो. चार वर्षांच्या आतला, धड पाइप असलेल्या शहरी गाडीला तो खर्च मला पटत नाही. एबीएसच्या गाडीत पाइप मधल्या यंत्राला जोडलेले असतात आणि काही गाड्यांमध्ये हवा काढायला निदान-यंत्र लागते. १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले आहे, म्हणून अलीकडच्या गाडीचे हे काम अधिकृत वर्कशॉपमध्येच करावे.

पाइप घेताना वर प्लास्टिकचे आवरण असलेलाच घ्या, कारण उघडी जाळी टाकीचा रंग आणि वायरिंग करवतीसारखी कापते. टोके कारखान्यात दाबून बसवलेली असावीत आणि लांबी मूळ पाइपाइतकीच असावी. बसवल्यावर हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवा आणि पुढचा फोर्क पूर्ण ताणून पाहा. पाइप कुठेही ओढला जाता कामा नये. मग लिव्हर मिनिटभर जोराने दाबून धरा, तो खाली सरकला किंवा जोडापाशी थेंब दिसला तर गाडी बाहेर काढू नका. सगळे कोरडे असेल तर मोकळ्या जागेत हळू वेगात काही वेळा ब्रेक लावून पाहा, आणि मगच हमरस्त्यावर जा.