बाटलीवर दहा टक्के, बाटलीत किती?

तालुक्याच्या गावातल्या मेडिकलमध्येही आता चेहऱ्याच्या सिरमच्या छोट्या छोट्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या दिसतात. कुणावर ‘ग्लायकोलिक ॲसिड १०%’ लिहिलेलं, कुणावर ‘व्हिटॅमिन सी २०%’. मग आपण काय करतो? जिचा आकडा मोठा आणि किंमत कमी, ती बाटली उचलतो. साखर घेताना हा हिशेब बरोबर ठरतो. पण आम्लाच्या बाटलीत तो फसतो, कारण तिथे टक्क्यांच्या जोडीला आणखी एक आकडा असतो. तो म्हणजे पीएच. बऱ्याच बाटल्यांवर तो छापलेलाच नसतो आणि छापलेला असला तरी त्याकडे कुणी बघत नाही.

पीएच म्हणजे काय?

एखादी पातळ वस्तू किती आंबट किंवा किती खारट-साबणी, हे मोजायची ही पट्टी आहे. साधारण ० ते १४ अशी. मधला ७ म्हणजे शुद्ध पाणी. त्याच्या खाली आम्ल, वर अल्क. लिंबाचा रस २ ते २.५च्या आसपास, दही साडेचारच्या आसपास, आपल्या त्वचेचा वरचा थर ५च्या आसपास आणि अंगाचा नेहमीचा साबण ९ ते १०. हळदीच्या डागावर साबण घासला की तो लालभडक होतो, हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय. हळद तिथे पीएचच दाखवत असते. मात्र ती फक्त अल्क ओळखते. आम्लाच्या बाजूला ती पिवळीच राहते, म्हणून सिरम तपासायला हळदीचा उपयोग नाही.

या पट्टीवरची एक पायरी म्हणजे दहापट फरक, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. पीएच ३ हे ४च्या दहापट आम्ल असतं. त्यामुळे ३.८ आणि ४.८ हे आकडे शेजारी शेजारी दिसले, तरी त्वचेवर त्यांचं काम अगदी निराळं होतं.

मोकळं आम्ल आणि बांधलेलं आम्ल

लिंबाच्या रसात चिमूटभर खायचा सोडा टाकून पाहा. रस फसफसतो आणि त्याचा आंबटपणा उतरतो. लिंबातलं आम्ल कुठे उडून गेलेलं नसतं. सोड्याशी जोडी जमवून त्याचं क्षार झालेलं असतं.

सिरमच्या बाटलीतही हेच घडतं. ग्लायकोलिक ॲसिड नुसतं पाण्यात मिसळलं तर ते चेहऱ्याला फारच झोंबेल. म्हणून कारखान्यात त्यात थोडा अल्क घालून पीएच वर आणतात. जेवढा अल्क जास्त, तेवढं आम्ल क्षारात बांधलं जातं. आपल्या त्वचेच्या वरच्या थरात मेलेल्या पेशी असतात आणि त्यांच्यामध्ये तेलकट पदार्थ भरलेला असतो. मोकळं आम्ल त्यातून आत शिरतं. क्षार झालेल्या आम्लावर विद्युतभार असतो, म्हणून त्याला तो तेलकट थर सहज ओलांडता येत नाही. मेलेल्या पेशींची पकड सैल करून चेहरा उजळ दिसायला लावण्याचं काम मुख्यतः हे मोकळं आम्लच करतं.

आता हिशेब मांडू. ग्लायकोलिक ॲसिडच्या बाबतीत पीएच साधारण ३.८ असताना बरोबर अर्धं आम्ल मोकळं असतं आणि अर्धं बांधलेलं. दोन बाटल्या घ्या, दोन्हींवर ‘१०%’ लिहिलेलं आहे. पहिलीचा पीएच ३.८. म्हणजे तिच्यात मोकळं आम्ल ५ टक्के. दुसरीचा पीएच ४.८. एक पायरी वर गेल्यावर दहा भाग बांधलेल्याला एक भागच मोकळा उरतो, म्हणजे तिच्यात मोकळं आम्ल जेमतेम १ टक्का. लेबल तेच, किंमतही कदाचित तीच, आणि काम मात्र पाचपट कमी! दह्यातल्या लॅक्टिक ॲसिडलाही जवळपास हाच हिशेब लागू पडतो.

दुसरी बाटली खोटी आहे, असं मात्र म्हणता येत नाही. तिच्यात १० टक्के आम्ल घातलेलं असतंच. नाजूक किंवा कोरड्या कातडीच्या बाईला ती बरीही वाटेल, कारण हे क्षार त्वचेत ओलावा धरून ठेवतात. पण डाग फिके व्हावेत म्हणून पैसे मोजले असतील, तर ती निराशा करील.

मग पीएच जितका कमी तितका चांगला?

मुळीच नाही. पीएच ३.५ला त्याच बाटलीतलं मोकळं आम्ल सुमारे ७ टक्क्यांवर जातं आणि त्याहून खाली गेलं की आग, लाली, सालपटं निघणं सुरू होतं. अमेरिकेतल्या सौंदर्यप्रसाधनांच्या तज्ज्ञ समितीनं १९९८मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात घरगुती वापरासाठी मर्यादा सांगितली होती: ग्लायकोलिक ॲसिड १० टक्क्यांपर्यंत आणि पीएच ३.५ किंवा त्याहून जास्त. शिवाय अशी आम्लं वापरताना उन्हाचा त्रास लवकर होतो, म्हणून सनस्क्रीन लावायला सांगितलं होतं. घरासाठी घ्यायची बाटली साधारण ३.५ ते ४च्या दरम्यान असावी, हा सरळ हिशेब. ३० टक्के, ५० टक्के अशी ‘पील’ची बाटली ऑनलाइन स्वस्तात दिसली तरी घरी वापरू नका. ते त्वचारोगतज्ज्ञाचं काम आहे.

व्हिटॅमिन सी : आधी नाव वाचा

इथे गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण ‘व्हिटॅमिन सी’ या एकाच नावाखाली बाटलीत वेगवेगळे पदार्थ असू शकतात.

अस्सल व्हिटॅमिन सी म्हणजे ॲस्कॉर्बिक ॲसिड. तेही आम्लच. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २००१मध्ये डुकराच्या त्वचेवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की ते त्वचेत शिरायला पीएच ३.५च्या खाली हवा, आणि २० टक्क्यांच्या पुढे प्रमाण वाढवून काही जास्त आत जात नाही. म्हणजे ३० टक्क्यांच्या बाटलीला जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

या जातीचं दुसरं दुखणं म्हणजे ते पाण्यात टिकत नाही. हवा, ऊन, उष्णता लागली की ते पिवळं आणि मग चहासारखं तपकिरी होतं. तसं झालं की त्याचं काम संपलं. म्हणून गडद किंवा हवा न शिरणारी बाटली बघावी, लहान घ्यावी आणि उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपवावी. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात ती फ्रीजमध्ये ठेवलेली बरी.

दुसरे पदार्थ याच व्हिटॅमिनपासून बनवलेले, पण जास्त टिकाऊ असतात. त्यांची नावं अशी : सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट, मॅग्नेशियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट, ॲस्कॉर्बिल ग्लुकोसाइड, इथिल ॲस्कॉर्बिक ॲसिड. यांना इतका कमी पीएच लागत नाही. पहिली दोन तर साधारण ७च्या जवळच नीट टिकतात. ती सौम्य असतात, मात्र त्वचेत गेल्यावर त्यांचं किती व्हिटॅमिन सी होतं याचा पुरावा अस्सल प्रकाराएवढा भक्कम नाही.

म्हणून नाव आणि पीएच ही जोडी जुळते का, ते बघायचं. समजा, बाटलीवर लिहिलंय ‘व्हिटॅमिन सी २०%, पीएच ५.५’. मागच्या यादीत इथिल ॲस्कॉर्बिक ॲसिड असेल तर ठीक आहे. पण यादीत नुसतं ॲस्कॉर्बिक ॲसिड असेल, तर या पीएचला त्यातला वीस भागांत जेमतेम एक भाग मोकळा उरतो. म्हणजे २० टक्क्यांचा जेमतेम १ टक्का. ‘पीएच बॅलन्स्ड ५.५’ हे शब्द फेसवॉशवर शोभतात, ॲस्कॉर्बिक ॲसिडच्या बाटलीवर नाही.

लेबल कसं वाचायचं?

बाटलीच्या किंवा खोक्याच्या मागे बारीक अक्षरात घटकांची यादी असते. जे सर्वांत जास्त ते आधी, या क्रमानं ती लिहितात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक मात्र शेवटी कसेही मांडता येतात. यात एक छान खूण दडलेली आहे. फिनॉक्सीइथेनॉल हे वस्तू खराब होऊ नये म्हणून घालतात आणि ते एक टक्क्याच्या वर नसतं. तुमचं ॲसिड किंवा व्हिटॅमिन सी या नावाच्या नंतर आलं असेल, तर तेही एक टक्का किंवा त्याहून कमीच आहे, समोर काहीही छापलेलं असो.

मग यादीचा शेवट बघा. सोडियम हायड्रॉक्साइड, पोटॅशियम हायड्रॉक्साइड किंवा ट्रायइथेनॉलअमाइन दिसलं, तर अल्क घालून पीएच वर आणलेला आहे. एवढ्यावरून बाटली टाकून देऊ नका. चांगल्या कंपन्याही ३.६पर्यंत आणायला हेच वापरतात. किती वर आणला हे यादी सांगत नाही, म्हणून अशा वेळी छापलेला पीएच शोधायचा. तो नसेल तर खोक्यावरच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून विचारायचा. सोडियम ग्लायकोलेट, अमोनियम ग्लायकोलेट, सोडियम ॲस्कॉर्बेट ही नावं मात्र थेट क्षारांची आहेत. आणि ‘शुगरकेन एक्स्ट्रॅक्ट’ म्हणजे ग्लायकोलिक ॲसिड नव्हे, ‘ऑरेंज एक्स्ट्रॅक्ट’ म्हणजे व्हिटॅमिन सी नव्हे.

घरी तपासायचं तर

प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात पीएचच्या कागदी पट्ट्या मिळतात. १ ते १४ची साधी पट्टी ३.५ आणि ४.५मधला फरक नीट दाखवत नाही, म्हणून ० ते ६ किंवा २.५ ते ४.५ अशी मागा. सिरमचा एक थेंब पट्टीवर टाका, पाकिटावर सांगितलेल्या वेळी रंग जुळवून पाहा. सिरम स्वतःच गडद रंगाचं असेल तर पट्टी फसवते, आणि दाट क्रीममध्ये येतो तो फक्त अंदाज. तेलात किंवा सिलिकॉनमध्ये बनवलेल्या, पाणी नसलेल्या वस्तूचा पीएच मोजताच येत नाही. यादीत पाणी म्हणजे ‘ॲक्वा’ नसेल, तर पट्टी वाया घालवू नका.

आणि लिंबू?

‘लिंबाचा पीएच इतका कमी, व्हिटॅमिन सी पण आहे, मग चेहऱ्यावर तेच चोळलं तर?’ असा प्रश्न हमखास येतो. लिंबाच्या रसात व्हिटॅमिन सी असतं १०० मिलिलिटरला ४०-५० मिलिग्रॅम, म्हणजे शेकडा अर्ध्या टक्क्याचाही दहावा भाग. बाकी आंबटपणा सायट्रिक ॲसिडचा, तोही पीएच २ ते २.५चा, चेहऱ्यासाठी ठरवलेल्या मर्यादेच्या बराच खाली. त्यात लिंबाच्या सालीतली काही द्रव्यं अंगावर राहून ऊन लागलं, तर भाजल्यासारखे फोड आणि नंतर महिनोन्‌महिने न जाणारे काळे डाग पडतात. लिंबू सरबतातच ठेवा.

नवी बाटली आणली की पहिले दोन-तीन दिवस कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला लावून पाहा. किंचित चुणचुण चालते. आग होत राहिली, लाली उतरली नाही, तर साध्या गार पाण्यानं धुवून टाका आणि ती बाटली बंद करा, मग तिच्यावर कितीही टक्के लिहिलेले असोत.