सीमारेषा आणि कमरेचा घेर

सन २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे आता आपल्या बोलण्यात रुळलेला ‘बीएमआय’, नेमका २२.३ होता, परंतु शरीरातील चरबीचे मोजमाप केले असता युडकिन यांच्या देहात ती ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के आढळली. उंची आणि वजन यांचा हिशेब ज्या दोन इसमांना एकाच पंक्तीत बसवतो, त्यांच्या अंतरंगात दुपटीहून अधिक तफावत असू शकते, हे एका चित्राने दाखवून दिले. आणि आपल्या लोकांसाठी स्थूलतेच्या मर्यादा वेगळ्या का आखाव्या लागल्या, याचे उत्तर त्या तफावतीत बऱ्याच अंशी सामावलेले आहे.

हा निर्देशांक काढणे सोपे आहे: वजन किलोग्रॅममध्ये घ्यावे, उंची मीटरमध्ये घेऊन तिचा वर्ग करावा आणि वजनाला त्या वर्गाने भागावे. एकोणिसाव्या शतकात बेल्जियममधील संख्याशास्त्रज्ञ केतले यांनी समाजातील ‘सरासरी मनुष्य’ शोधताना हे गुणोत्तर मांडले आणि १९७२ मध्ये अमेरिकेतील आन्सेल कीज यांनी त्याला आजचे नाव दिले. मूळ हेतू समुदायाच्या अभ्यासाचा असल्यामुळे वजनातील किती भाग स्नायूंचा, किती चरबीचा, आणि ती चरबी मांडीत आहे की यकृताभोवती, याविषयी हा आकडा मौन पाळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २५ वर अतिरिक्त वजनाची आणि ३० वर स्थूलतेची रेषा ओढली, ती प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांच्या अनुभवावरून. भारतीयांमध्ये मात्र त्याहून पुष्कळ अलीकडेच मधुमेह आणि हृदयविकार डोके वर काढतात. म्हणून २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी एकमताने २३ पासून अतिरिक्त वजन आणि २५ पासून स्थूलता मानावी, असे ठरवले.

तथापि खालची रेषा आखली तरी आकड्याचे मौन सुटत नाही, आणि तेथे टेपचा उपयोग सुरू होतो. पोटाच्या पोकळीत, आतड्यांच्या भोवती साठणारी चरबी ही त्वचेखालच्या चरबीपेक्षा अधिक उपद्रवी असते, कारण तिच्यातून सुटणारी मेदाम्ले थेट यकृताकडे जातात आणि इन्सुलिनचे कार्य मंदावते. कमरेचा घेर हा तिचा सर्वांत स्वस्त दाखला आहे. भारतीय पुरुषाला ९० सेंटिमीटर आणि स्त्रीला ८० सेंटिमीटर ही मर्यादा आहे. घेर कोठे मोजावा, याविषयी मात्र घरोघरी गैरसमज आढळतो. पँटचा नंबर हा कमरेचा घेर नव्हे. पोट सुटलेला गृहस्थ पँट पोटाच्या खाली बांधतो, आणि म्हणून वर्षानुवर्षे नंबर तोच राहून पोट मात्र वाढत जाते. परकराच्या नाड्याचा वळ जेथे उमटतो, ती जागाही भरवशाची नाही. बाजूला हात लावून सर्वांत खालची बरगडी चाचपावी, मग कटीच्या हाडाची वरची कड चाचपावी, आणि या दोहोंच्या मध्यावर, उघड्या अंगावर, टेप जमिनीला समांतर धरावा. पाय जवळ असावेत, श्वास सहज सोडलेला असावा, आणि टेप त्वचेला टेकावा, पण रुतू नये. पोट आत ओढून घेतलेले माप नोंदवण्यात काहीच अर्थ नाही.

आता हिशेब प्रत्यक्ष करून पाहू. १७० सेंटिमीटर उंचीचा आणि ७१ किलो वजनाचा एक गृहस्थ कल्पावा. त्याचा निर्देशांक २४.६ येतो, जागतिक मापाने तो निर्दोष, भारतीय मापाने किंचित जड. परंतु घेर ९६ भरला, तर रक्तातील साखर, चरबी, यकृत आणि रक्तदाब यांची तपासणी तातडीने व्हावी, असे मी आग्रहाने म्हणेन. अशा मध्यम वजनाच्या माणसाच्या बाबतीत टेपच निकाल देतो. मात्र वजन उतरवण्याच्या औषधांवर त्याचा हक्क नाही; आहार, चालणे आणि स्नायूंना ताण देणारा व्यायाम हीच त्याची चिकित्सा.

दुसरी कल्पित व्यक्ती १५५ सेंटिमीटर उंचीची, ८२ किलो वजनाची, काही वर्षे मधुमेहाच्या गोळ्या घेणारी आणि रात्री घोरत असता श्वास अडणारी एक गृहिणी. तिचा निर्देशांक ३४.१. इतक्या वर गेल्यावर घेराने फारसे नवे कळत नाही. तेथे शरीरात आधीच उतरलेला आजार बोलतो. २००९ च्या भारतीय शिफारशीप्रमाणे निर्देशांक २७ च्या पुढे गेल्यास, किंवा २५ च्या पुढे असून मधुमेह वा रक्तदाबासारखा विकार जडलेला असल्यास, आणि आहार-व्यायामाचा प्रामाणिक प्रयत्न अपुरा पडल्यास औषधाचा विचार होतो. ती या कसोटीला सहज उतरते.

सेमाग्लुटाइड हे आठवड्यातून एकदा टोचून घ्यावयाचे औषध भूक शमवते आणि जठर सावकाश रिकामे करते. ०.२५ मिलिग्रॅमपासून आरंभ करून दर चार आठवड्यांनी मात्रा चढवत २.४ पर्यंत न्यावी लागते. घाई केल्यास मळमळ आणि उलट्या अनावर होतात. ज्यांना मधुमेह नव्हता, अशांच्या २०२१ च्या परीक्षणात ६८ आठवड्यांत वजन सरासरी सुमारे १५ टक्के उतरले. मधुमेहींमध्ये हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास राहिले. म्हणजे या बाईंनी १५ टक्क्यांची जाहिरात वाचून १२ किलोंची आशा धरू नये, ८ किलोंची धरावी. शिवाय त्याच २०२१ च्या परीक्षणातील काही लोकांचे औषध थांबवून पाहिले, तेव्हा गमावलेल्या वजनापैकी दोनतृतीयांश एका वर्षात परत आले. म्हणून हे औषध रक्तदाबाच्या गोळीसारखे दीर्घकाळ चालवायचे, हे आधी उमगलेले बरे. पित्ताशयात खडे होणे आणि क्वचित स्वादुपिंडाचा दाह हे धोके ध्यानी ठेवावेत. पोटात तीव्र कळ येऊन पाठीकडे गेली, तर औषध बंद करून त्वरित डॉक्टरांना गाठावे. गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रीने ते किमान दोन महिने आधी सोडावे, आणि घरात मेड्युलरी प्रकारच्या थायरॉइड कर्करोगाचा इतिहास असेल, तर घेऊच नये.

शस्त्रक्रियेची पायरी त्यापुढची. १९९१ मध्ये अमेरिकेत ठरलेल्या नियमाने ४०, अथवा गंभीर आजारासह ३५ ही सीमा होती. त्या नियमाने आपल्या गृहिणीचा अर्ज नामंजूर झाला असता. भारतीय शिफारशीने मात्र आजारासह ३२.५ आणि आजाराविना ३७.५ ही मर्यादा घातली, आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय शल्यविशारदांच्या संस्थांनी आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच विचार व्हावा, असे म्हटले. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीनचतुर्थांश भाग काढून टाकतात. बायपासमध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढील भागाला जोडतात. दोन्हींत पहिल्या एकदोन वर्षांत साधारणतः एकचतुर्थांश किंवा त्याहून थोडे अधिक वजन उतरते आणि मधुमेह पुष्कळदा माघार घेतो. आजार जितका जुना, तितकी ती माघार दुर्मीळ. जेवण घटताच साखरेच्या गोळ्यांची मात्रा पहिल्या दिवसांपासूनच कमी करावी लागते, अन्यथा साखर धोक्याच्या पातळीपर्यंत खाली येते. पुढे बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यावे लागते, प्रथिने मोजून खावी लागतात. शाकाहारी घरात याची तजवीज शस्त्रक्रियेच्या आधीच झालेली असावी, कारण बी-१२ च्या अभावाने पायांना मुंग्या येऊ लागतात आणि चाल डगमगू लागते, तेव्हा ती हानी नेहमीच भरून निघते असे नाही. वर्षातून निदान एकदा रक्ततपासणी करण्याची सूचना त्यासाठीच दिलेली असते.