कोणत्या मालासाठी किती घासाघीस?

कारखान्यात बाहेरून येणाऱ्या प्रत्येक मालाबद्दल दोन प्रश्न विचारता येतात. त्यावर वर्षाला पैसा किती जातो? आणि तो अचानक यायचा थांबला, तर दुसरीकडून मिळवणे किती अवघड? पहिले उत्तर उभ्या रेषेवर आणि दुसरे आडव्या रेषेवर मांडले, की चार घरांची चौकट तयार होते. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीतले पीटर क्राल्जिक यांनी 1983 मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’ या नियतकालिकात ती मांडली, म्हणून तिला क्राल्जिक मॅट्रिक्स म्हणतात. तिचा रोख एकाच गोष्टीवर आहे. सगळ्या पुरवठादारांशी एकाच पद्धतीने वागणाऱ्या खरेदी विभागाचे नुकसान होते, कारण ज्या मालात भाव पाडून घेणे शहाणपणाचे असते, त्याच्या शेजारच्या मालात तेच घातक ठरते.

पॅकेजिंगच्या खरेदीत हा फरक फार ठळक दिसतो. उदाहरणासाठी मसाले आणि लोणची बनवणारा मध्यम आकाराचा एक कारखाना घेऊ. समजा, त्याची पॅकेजिंगची वार्षिक खरेदी 10 कोटी रुपयांची आहे. त्यात मसाल्याच्या पाकिटांसाठी छापील लॅमिनेटचे रोल 4 कोटी 20 लाखांचे, कोरुगेटेड खोकी 2 कोटी 60 लाखांची, प्लास्टिकच्या बरण्या व झाकणे 1 कोटी 80 लाखांची आणि लेबले 85 लाखांची. चिकटपट्टी, स्ट्रेच फिल्म, गोंद वगैरे मिळून 37 लाख. उरलेले 18 लाख जातात झाकणाच्या आत बसणाऱ्या चकतीवर. तिला कामगार वॅड म्हणतात. झाकण लावलेली बरणी इंडक्शन यंत्राखालून गेली, की वॅडमधला अॅल्युमिनियमचा पातळ पापुद्रा तापून बरणीच्या तोंडाला चिकटतो आणि तेल गळत नाही.

नुसत्या पैशाच्या क्रमाने यादी लावली, तर वॅड तळाला जाते आणि खरेदी अधिकारी तिच्याकडे फारसा बघत नाही. जोखमीचा प्रश्न विचारला, की चित्र बदलते. जोखीम ठरवताना साधारण चार गोष्टी तपासतात: हा माल देऊ शकणारे किती जण आहेत, नवा पुरवठादार उभा करायला किती आठवडे लागतील, साचा किंवा छपाईचा सिलिंडर कोणाच्या ताब्यात आहे, आणि त्या पुरवठादाराचा कच्चा माल कुठून येतो. लोणच्यातले तेल, मीठ आणि आंबटपणा सोसणारी वॅड एकाच पुरवठादाराकडून येत असेल, तर पर्यायी मालाच्या चाचण्यांतच कित्येक आठवडे जातात. नव्या वॅडने सीलबंद केलेली बरणी आडवी ठेवून, उष्णतेत ठेवून पाहावी लागते, आणि अन्नाला लागणाऱ्या साहित्यातून काही घटक लोणच्यात उतरत नाहीत ना, याची प्रयोगशाळेत खात्री करावी लागते. तोवर बरण्यांची लाइन बंद. पैसा कमी आणि जोखीम जास्त असे हे घर, अडथळ्याच्या मालाचे.

इथे भाव पाडण्याचा हट्ट धरू नये. 18 लाखांत 5 टक्के सूट मिळवली, तरी हाती 90 हजार येतात. त्याऐवजी दोन महिन्यांचा जादा साठा ठेवला, तर त्यात सुमारे 3 लाख रुपये अडकतात. 12 टक्के व्याज धरले, तर वर्षाचा खर्च 36 हजार. वॅडअभावी लाइन काही दिवस जरी थांबली, तरी नुकसान त्याच्या कितीतरी पट होऊ शकते. साठा कोरड्या जागी ठेवून आधी आलेला माल आधी वापरायचा, आणि त्याच काळात दुसऱ्या पुरवठादाराच्या वॅडच्या चाचण्या पुऱ्या करून घ्यायच्या.

खोक्यांची गोष्ट उलटी आहे. पैसा मोठा, पण बनवणारे पुष्कळ आणि कागदाचा दर्जा मोजता येण्याजोगा. हे घासाघिशीचे घर. तीन-चार जणांकडून कोटेशन घ्यावे, मागणी विभागून द्यावी आणि क्राफ्ट कागदाच्या बाजारभावाला जोडलेले दराचे सूत्र ठरवावे. धोका वेगळ्या दिशेने येतो. दर फार ओढला, की कागदाचे वजन हळूच कमी होते. खोके तसेच दिसते, पण गोदामातल्या थप्पीत खालची रांग दबते. वजनकाट्यावर हे नेहमी कळत नाही, कारण पावसाळ्यात दमट कागदाचे वजन वाढते आणि ताकद मात्र घटते. म्हणून वजनाबरोबर ओलावा मोजावा, आणि बर्स्टिंग स्ट्रेंग्थ व थप्पीचा भार सोसण्याची ताकद यांची अट खरेदी ऑर्डरमध्येच लिहावी.

छापील लॅमिनेट मात्र पैशालाही मोठे आणि जोखमीलाही. ग्रॅव्ह्युअर छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो. त्याचे पैसे बहुधा ग्राहक मोजतो, पण सिलिंडर छापखान्यात पडून राहतात. ते आपल्या मालकीचे आहेत हे करारात लिहिलेले असले, तरी दुसऱ्या छापखान्याच्या यंत्राला त्यांचा आकार बसेलच असे नाही. मग नवे सिलिंडर, रंगाची मंजुरी, पाकीट भरण्याच्या यंत्रावरची चाचणी आणि सीलची मजबुती हे सगळे पुन्हा करावे लागते. अशा धोरणात्मक घरात दीर्घ करार, पुढच्या तिमाहीचा अंदाज आधी कळवणे आणि वाया जाणारे लॅमिनेट कमी करण्यासाठी दोघांनी मिळून काम करणे, यातच बचत असते. जास्त खपाची थोडी डिझाइन्स दुसऱ्या छापखान्यातही तयार ठेवणे हा विमाच आहे. चिकटपट्टी आणि गोंद चौथ्या, किरकोळ घरात बसतात. वार्षिक दर एकदा ठरवावा आणि कागदी काम कमी करावे, एवढे पुरे.

चौकटीच्या मर्यादाही याच आकड्यांतून दिसतात. पैशाची सीमारेषा एक कोटीवर ओढली, तर 85 लाखांची लेबले किरकोळ घरात जातात, आणि 80 लाखांवर ओढली, तर घासाघिशीच्या. म्हणून रेषेजवळचा माल घराच्या नावावरून नव्हे, तर स्वतंत्रपणे तपासावा. क्राल्जिक यांनी मूळ लेखात खर्चाबरोबर नफ्यावर होणारा परिणामही धरला होता. केवळ खर्च मोजला, की वॅडसारख्या गोष्टीची खरी किंमत झाकली जाते. त्यांनी पुढे आणखी एक पायरी सांगितली होती, जी बरेच जण सोडून देतात: आपली ताकद आणि पुरवठादाराची ताकद समोरासमोर मांडणे. खोकी बनवणाऱ्याच्या एकूण धंद्यात या कारखान्याचा वाटा नगण्य असेल, तर टंचाईत त्याची गाडी आधी मोठ्या ग्राहकाकडे जाईल, मग चौकटीत खोकी घासाघिशीच्या घरात का असेनात.

घरेही कायमची नसतात. बरणीचा खास आकार सोडून बाजारात सर्रास मिळणाऱ्या तोंडाची बरणी निवडली, की साच्याची अडचण संपते आणि तोच माल जोखमीच्या बाजूने घासाघिशीच्या बाजूला सरकतो. उलटेही घडते. चीनने 2021 च्या सुरुवातीपासून टाकाऊ कागदाची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या गिरण्यांसाठी भारतातून क्राफ्ट कागद मोठ्या प्रमाणात जाऊ लागला. इथे कागद महागला, खोकी बनवणाऱ्यांना तो वेळेवर मिळेना, आणि केवळ कोटेशनच्या बळावर खोकी घेणारे ग्राहक अडचणीत आले. म्हणून चौकट वर्षातून एकदा, आणि कच्च्या मालात मोठी हालचाल झाली तर लगेच, नव्या आकड्यांनी पुन्हा भरावी लागते.