वारा आणि खोटा सेन्सर

ड्रोन 10 मीटर उंचीवर स्थिर ठेवायचा आहे. त्याच्या पोटातला वायुदाबमापक सेन्सर उंची सांगतो आणि नियंत्रक त्याप्रमाणे मोटारींचा वेग कमीजास्त करतो. इथे दोन शत्रू आहेत. वारा ड्रोनला खरोखर हलवतो. सेन्सर मात्र ड्रोन हललेला नसताना हलला म्हणून सांगतो. दाबात एका मिलिबारची चूक झाली, तर उंचीत साधारण 8 मीटरचा फरक पडतो.

नियंत्रक चुकीवर किती जोराने तुटून पडतो, त्या जोराला L म्हणू. वाऱ्याच्या धक्क्यातला जो भाग शिल्लक राहतो, ते संवेदनशीलता फलन:

S = 1/(1+L)

सेन्सरच्या चुकीतला जो भाग ड्रोन प्रत्यक्षात उतरवतो, ते पूरक संवेदनशीलता फलन:

T = L/(1+L)

L = 9 धरा. एरवी ड्रोनला 1 मीटर ढकलणारी झुळूक आता 10 सेंटिमीटरच ढकलते. पण सेन्सरने 1 मीटर जास्त उंची दाखवली, की तोच नियंत्रक ड्रोनला 90 सेंटिमीटर खाली आणतो. S आणि T यांची बेरीज नेहमी 1. वाऱ्याला दाद द्यायची नाही, तर सेन्सरवर विश्वास टाकावाच लागतो.

सुटका वेगात आहे. वाऱ्याचा रेटा बहुधा संथ असतो, तर सेन्सरची थरथर जलद. म्हणून संथ बदलांसाठी L मोठा ठेवायचा आणि जलद बदलांसाठी लहान. L = 0.1 झाला, की थरथरीचा फक्त 9 टक्के भाग ड्रोनपर्यंत पोहोचतो.

खरी अडचण या दोन टोकांच्या मध्ये आहे. मोटारींना वेग घ्यायला वेळ लागतो. ठरावीक वेगाच्या हेलकाव्यांत दुरुस्ती इतकी उशिरा पोहोचते, की ड्रोन आपोआप खाली येत असतानाच ती त्याला आणखी खाली ढकलते. दुरुस्तीचे चिन्हच उलटते. L = -0.5 झाला तर S = 2 आणि T = -1. बेरीज अजूनही 1, पण वाऱ्याचा धक्का दुप्पट! नियंत्रकाचा जोर वाढवून L = -0.8 केला, तर धक्का पाचपट आणि सेन्सरची चूक चौपट. -1 ला ड्रोन स्वतःच झुलत राहतो.

हेंड्रिक बोडे यांनी 1945 च्या पुस्तकात याचे गणित मांडले. अशा यंत्रणेत एका वेगाच्या पट्ट्यात S दाबला, की दुसऱ्या पट्ट्यात तो 1 च्या वर चढतोच. पाण्याची गादी एका जागी दाबली की शेजारी फुगते, तसा. सेन्सर महागडा घेतला तरी हा फुगवटा जात नाही, कारण तो दुरुस्तीच्या उशिरातून येतो.

म्हणून नियंत्रकाचा जोर वाढवताना वारा नसलेल्या दिवशी ड्रोन मिनिटभर जागच्या जागी उडवून पाहा. उतरवल्यावर मोटारी नेहमीपेक्षा गरम लागल्या, तर त्या सेन्सरच्या थरथरीमागे धावत होत्या. जोर वाढवायला गेलात तिथून एक पायरी मागे या.